पाण्यातली बॅटरी: जस्ताचा पत्रा किती जाड आहे ते आधी विचारा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या मामाचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आठ यंत्रमाग, वर पत्रा आणि त्या पत्र्यावर दोन वर्षांपूर्वी बसवलेले सोलर पॅनल. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे वीज, पाणी, रंग, गंज असा कुठलाही प्रश्न आला की मामाचा फोन मला येतो. या उन्हाळ्यात त्याने विचारलं, "दुपारची वीज साठवून संध्याकाळी चार तास माग चालवता येतील का गं? लिथियमवाला येऊन गेला. पण कारखान्यात सगळीकडे तूस उडतंय, रात्री कामगार इथंच झोपतात. मला भीती वाटते."

त्याची भीती रास्त आहे. लिथियम बॅटऱ्यांमध्ये कमी-जास्त सुरक्षित प्रकार आहेत, पण त्या जवळजवळ सगळ्यांच्या आत जो द्रव असतो तो सेंद्रिय असतो आणि पेट घेऊ शकतो. टॉवेलच्या कारखान्यात तुळईवर, मोटरवर, दिव्याच्या पट्टीवर कापसाचं तूस बसलेलं असतं. त्याला एक ठिणगी पुरते. म्हणून मी मामाला एका वेगळ्या बॅटरीबद्दल सांगितलं. तिच्यात तेलासारखा द्रव नाही, पाणी आहे. एका बाजूला जस्त, दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइड आणि मध्ये जस्ताच्या क्षाराचं पाणी. तिला जलीय झिंक-आयन बॅटरी म्हणतात.

यातले पदार्थ आपल्या ओळखीचे आहेत. टॉर्चचा जुना सेल कापून पाहिला तर बाहेरचा राखाडी डबा जस्ताचा असतो, मधोमध कोळशाची कांडी असते आणि तिच्याभोवतीची काळी पूड म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. ही जोडी 1866 मध्ये लेक्लांशे नावाच्या फ्रेंच अभियंत्याने वापरली होती. मँगनीजचं खनिज आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघतं आणि जस्त राजस्थानातून येतं. जस्ताचा क्षार, म्हणजे झिंक सल्फेट, तर सोलापुरात कुठल्याही कृषी सेवा केंद्रात पोत्याने मिळतो. डाळिंबाला आणि द्राक्षाला आपण तोच देतो.

टॉर्चचा सेल एकदा वापरून फेकावा लागतो. तोच पुन्हा पुन्हा चार्ज करता यावा यासाठी 1986 मध्ये जपानमध्ये यामामोतो आणि शोजी यांनी आतला द्रव बदलून झिंक सल्फेटचं पाणी वापरून पाहिलं. पुढे बराच काळ त्याकडे फारसं कोणी वळलं नाही. 2012 च्या सुमारास चीनमधल्या संशोधकांनी हा विषय पुन्हा हातात घेतला आणि तेव्हापासून त्यावर जोरात काम चालू आहे.

आता मामाचा हिशेब मांडू. एका मागाची मोटर एक अश्वशक्तीची, म्हणजे पाऊण किलोवॅट. आठ मागांचे सहा किलोवॅट. चार तासांचे चोवीस युनिट. या बॅटरीचा एक सेल साधारण 1.3 व्होल्ट देतो. चोवीस युनिट म्हणजे 24,000 वॅट-तास, त्याला 1.3 ने भागलं की अंदाजे 18,500 अँपिअर-तास इतका विद्युतभार लागतो. एक किलो जस्त पूर्ण वापरलं तर 820 अँपिअर-तास देतं. म्हणजे साडेबावीस किलो जस्तात काम होतं. मँगनीज डायऑक्साइड किलोला 200 अँपिअर-तास देतो असं धरलं तर तो नव्वद किलोंच्या आसपास लागेल. जस्ताचा भाव किलोला अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात आहे. एवढं ऐकून मामा म्हणाला, "मग अडलंय कुठं?"

कुठे अडलंय ते त्याला डोळ्यांनी दाखवायचं मी ठरवलं. कारखान्याच्या ऑफिसातच काचेचा ग्लास घेतला, त्यात पाणी आणि शेतीचं झिंक सल्फेट दोन चमचे. जुन्या सेलच्या डब्यातून कापलेल्या जस्ताच्या दोन पट्ट्या समोरासमोर बुडवल्या आणि दीड व्होल्टचा नवा सेल जोडला. एका पट्टीवरचं जस्त पाण्यात विरघळून दुसऱ्या पट्टीवर जाऊन बसणार, म्हणजे बॅटरी चार्ज होताना जस्ताच्या बाजूला जे घडतं तेच.

जस्त दुसऱ्या पट्टीवर गुळगुळीत थरासारखं बसायला हवं होतं, तसं ते बसलं नाही. चहा होईपर्यंत पट्टीच्या कडेला करडी लव दिसू लागली. तासाभरात तिचं शेवाळ झालं, काही टोकं नेच्याच्या पानासारखी फुटून समोरच्या पट्टीकडे निघाली. पट्टीच्या सपाट भागावर जवळजवळ काहीच नव्हतं, सगळी वाढ कडांना आणि कोपऱ्यांना होती. मामाने ग्लास जरा हलवला तेव्हा त्या शेवाळाचा एक तुकडा सुटून तळाशी गेला.

या फुटव्यांना डेंड्राइट म्हणतात. ते का होतात हे समजणं अवघड नाही. पट्टीवर कुठेतरी जराशी टेकडी असतेच. टेकडीच्या टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटतं, आणि पाण्यातून येणाऱ्या जस्ताच्या आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंना, ते टोक खळग्यापेक्षा जवळ पडतं. म्हणून पुढचं जस्त तिथेच बसतं, टेकडी आणखी उंच होते आणि तिला आणखी जस्त मिळतं. पट्टीजवळच्या पाण्यातले आयन संपत आले की हा प्रकार फार वेगाने वाढतो. माझं द्रावण पातळ होतं म्हणून तासाभरातच शेवाळ आलं. प्रयोगशाळेत लिटरभर द्रावणात पावणेसहाशे ग्रॅमच्या आसपास झिंक सल्फेट घालतात. त्यामुळे वाढ मंदावते, पण थांबत नाही.

जस्ताची स्वतःचीही एक खोड आहे. त्याचे स्फटिक षटकोनी चकत्यांसारखे वाढतात. आपल्या बाजारात कडक भाकरी टोपलीत एकावर एक आडव्या रचलेल्या असतात. जस्ताच्या चकत्या अशा आडव्या बसल्या तर काहीच तक्रार नाही. पण त्या बहुतेकदा उभ्या राहतात, भाकरी कडेवर उभी करावी तशा. बॅटरीत दोन बाजूंच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, प्रयोगशाळेत बहुधा काचतंतूंचा. उभी चकती त्या पडद्याच्या तंतूंतून वाट काढत पलीकडे पोचली की आतल्या आत शॉर्ट होतो. लिथियम बॅटरीत असा शॉर्ट आगीला कारण ठरू शकतो. इथे आत पाणी असल्यामुळे सेल गरम होतो आणि मरतो, पण पेट घेत नाही. हा फरक मामाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा आहे.

तळाशी पडलेला तो तुकडाही महत्त्वाचा आहे. तो जस्तच आहे, पण पट्टीपासून तुटल्यामुळे त्याला वीज पोचत नाही आणि ते जस्त पुन्हा कामाला येत नाही. शिवाय पट्टीवर बारीक बुडबुडे दिसत होते. ते हायड्रोजनचे. खरं तर जस्त पाण्यात असलं की पाण्यातून हायड्रोजन सुटलाच पाहिजे. जस्ताच्या पृष्ठभागावर ही क्रिया फार हळू चालते, एवढ्याच कारणामुळे ही बॅटरी शक्य होते. हळू म्हणजे बंद मात्र नव्हे. चार्जिंगला दिलेल्या विजेतला थोडा भाग हायड्रोजन करण्यात जातो. बॅटरी नुसती ठेवली तरी जस्त थोडं थोडं गंजत राहतं आणि सीलबंद सेल फुगतो. शेतीच्या झिंक सल्फेटमध्ये लोहासारखी अशुद्धी असली तर ही क्रिया आणखी वाढते, म्हणून खताच्या पोत्यातून बॅटरी करता येत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ती आणखी जोर धरेल.

ही झाली जस्ताची बाजू. मँगनीजच्या बाजूचं दुखणं काचेच्या ग्लासात दाखवता आलं नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

बॅटरी वीज देत असते तेव्हा मँगनीज डायऑक्साइडमधल्या मँगनीजला एक इलेक्ट्रॉन मिळतो. रसायनाच्या भाषेत तो चारवरून तीनवर येतो. या तीनच्या अवस्थेत त्याच्याभोवतीची ऑक्सिजनची चौकट एका दिशेने ताणली जाते आणि स्फटिक कमकुवत होतो. त्यात भर म्हणजे तीनवरच्या दोन अणूंची आपसात देवघेव होते. एक पुन्हा चारवर जातो, दुसरा दोनवर उतरतो. हा दोनवर उतरलेला मँगनीज पाण्यात मजेत विरघळतो. दर वेळी वीज काढली की धनाग्रातला, म्हणजे मँगनीजच्या बाजूचा, थोडा मँगनीज पाण्यात निघून जातो, आणि जो गेला तो वीज साठवण्याच्या कामातून गेला. माग चालू असताना ताण्यातला एकेक धागा हळूच निसटत राहावा तसं हे आहे. कापड विणलं जातं, पण दर वारात थोडं विरळ.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट होते. मँगनीजच्या चौकटीत जस्ताचे आयन शिरतात असं या बॅटरीच्या नावावरून वाटतं, पण पाण्यातले हायड्रोजनचे आयनही शिरतात, आणि बरेच शिरतात. कोण किती शिरतं यावर जाणकारांचा वाद अजून मिटलेला नाही. हायड्रोजन आयन आत गेले की बाहेरच्या पाण्याची आम्लता कमी होते, आणि मग झिंक सल्फेट हायड्रॉक्साइडसारख्या रूपात खाली बसतं. मँगनीजच्या पृष्ठभागावर त्याचे पांढरे, पातळ पापुद्रे तयार होतात. चार्ज करताना ते बरेचसे विरघळतात, पण उरलेले राहतात आणि वाट अडवतात.

यावर सगळ्यात साधा आणि मला आवडलेला उपाय म्हणजे पाण्यात आधीच थोडं मँगनीज सल्फेट घालून ठेवायचं. पाण्यात मँगनीज आधीच असला की धनाग्रातून तो कमी सुटतो, आणि चार्ज करताना पाण्यातला काही मँगनीज परत पुडीवर येऊन बसतो. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने 2016 मध्ये असंच करून 5,000 वेळा चार्ज-डिस्चार्ज झाल्यावरही 92 टक्के क्षमता शिल्लक राहिल्याचं दाखवलं. याच निकालाने या विषयाला जोर आला. इथे एक सावधगिरी मात्र हवी. पाण्यातला मँगनीज धनाग्रावर बसतो तेव्हा सुरुवातीला बॅटरीची क्षमता वाढल्यासारखी दिसते. ती मूळ पुडीची क्षमता नसते. आत घातलेला जादा साठा तेव्हा खर्च होत असतो.

पाच हजार वेळा हा आकडा ऐकून मामा खूश झाला. रोज एकदा धरलं तर साडेतेरा वर्षांहून जास्त. पण मी त्याला त्या चाचणीचा वेग सांगितला. ती चाचणी अशा वेगाने केली होती की पूर्ण चार्ज व्हायला फार तर बारा मिनिटं आणि रिकामं व्हायला बारा. पाच हजार फेऱ्या जेमतेम तीन महिन्यांत संपतात. मामाची बॅटरी दुपारी पाच तास चार्ज होणार, संध्याकाळी चार तास चालणार आणि रात्रभर नुसती बसणार.

लोकांना वाटतं की हळू वापरली तर बॅटरी जास्त टिकेल. या बॅटरीच्या बाबतीत फेऱ्यांच्या हिशेबाने ते उलट आहे. भराभर चालवली तर मँगनीजला विरघळायला वेळच मिळत नाही आणि चौकटीचा आतला भागही पूर्णपणे वापरला जात नाही. हळू चालवली की तीनवरचा मँगनीज तासन् तास पाण्यात भिजत राहतो आणि दर फेरीला जास्त विरघळतो. जस्ताच्या बाजूलाही गंज घड्याळाप्रमाणे चालतो, फेऱ्या मोजून नाही. फेरी जितकी लांब तितका त्या फेरीतला गंजाचा वाटा मोठा. हळू चार्ज केल्याने डेंड्राइटची वाढ जरा सौम्य होते, एवढाच काय तो फायदा. म्हणजे वीज साठवून ठेवायची हे जे काम आपण या बॅटरीला देऊ पाहतो, तेच तिला सगळ्यात कठीण जातं आणि तीच चाचणी सगळ्यात कमी केली जाते, कारण तिला वर्षं लागतात.

दुसरी लपलेली गोष्ट म्हणजे पत्र्याची जाडी. यासाठी मामाची बॅटरी पत्र्यांनी भरून पाहू. एका चौरस सेंटिमीटरला 2 मिलीअँपिअर-तास इतकं मँगनीज लावलं, जे फार नाही, तर चोवीस युनिटला सव्वानऊशे चौरस मीटर पत्रा लागेल. मोठ्या आंघोळीच्या टॉवेलांत मोजलं तर आठशेपेक्षा थोडे जास्त. रोज प्रत्यक्ष कामाला येणारं जस्त त्या पत्र्यावर साडेतीन मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं. तेच ते साडेबावीस किलो. पण प्रयोगशाळेत बहुतेकदा 100 मायक्रॉनचा पत्रा वापरतात, कारण तो हाताळायला सोपा आणि सहज मिळणारा. तसा पत्रा मामाच्या बॅटरीला वापरला तर जस्त होईल 660 किलोंच्या आसपास. साडेबावीस किलोंचं काम करायला साडेसहाशे किलोंची खोगीरभरती. मग ती स्वस्तही राहिली नाही आणि हलकीही.

हा जाड पत्रा खोट झाकून ठेवतो. समजा दर फेरीला कामाला आलेल्या जस्तातला शंभरातला एक भाग तुटून, गंजून वाया जातो. हा वाईट सेल झाला. पण 100 मायक्रॉनच्या पत्र्यात रोजच्या गरजेच्या अठ्ठावीस-एकोणतीस पट जस्त आहे, त्यामुळे तो साठा संपायला 2,800 फेऱ्या लागतात आणि तोवर आलेखात काहीच बिघडलेलं दिसत नाही. तोच सेल 10 मायक्रॉनच्या पत्र्याने केला तर 190 फेऱ्यांत खलास, म्हणजे सव्वासहा महिन्यांत. 10 मायक्रॉनच्या पत्र्यावर, जिथे जस्ताचं वजन 66 किलोंवर येतं, पाच वर्षं काढायची असतील तर हजारात एकापेक्षा जास्त भाग वाया जाता कामा नये. तेही पाच तासांच्या चार्जिंगला आणि उन्हाळ्याच्या तापमानात. माझ्या मते या बॅटरीचा सगळा कस या एका आकड्यावर लागणार आहे.

यावर काम चांगलं चाललं आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी 2019 मध्ये स्टेनलेस स्टीलवर ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांचा, थर देऊन जस्ताच्या चकत्या उभ्या न राहता आडव्या बसतील असं करून दाखवलं. त्याआधी 2018 मध्ये पाण्यात इतका क्षार कोंबला गेला की मोकळं पाणीच जवळजवळ उरलं नाही आणि हायड्रोजनचा त्रास फार कमी झाला. रसायन म्हणून मला ते सुंदर वाटतं, पण त्यात लिथियमचा महागडा क्षार मुठी-मुठीने जातो. स्वस्त म्हणून निवडलेल्या बॅटरीला असा उपाय परवडत नाही. पाण्यात थोडंसं मिसळायचं स्वस्त द्रव्य किंवा पत्र्यावर पातळ लेप याच दिशेने उत्तर मिळेल असं मला वाटतं.

सेल बिघडतोय हे कळायच्याही खुणा आहेत. पिशवीसारखा सेल फुगला तर हायड्रोजन. जितकं भरलं त्यापेक्षा फार कमी परत मिळू लागलं किंवा चार्जिंग संपतच नाही असं दिसलं, तर आत बारीक शॉर्ट झालेला असण्याची दाट शक्यता. यात एक फसवी खूण आहे. दोन्ही बाजूंना जस्त लावून केलेल्या चाचणीत डेंड्राइट पडद्याच्या पार गेलं की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि रेघ सपाट, शांत चालते. न कळणाऱ्याला वाटतं सेल सुधारला. प्रत्यक्षात वीज जस्ताच्या बारीक तारेतून सरळ पलीकडे जात असते आणि त्या सेलमध्ये रसायन घडायचं केव्हाच थांबलेलं असतं. हजारो तास चाललेल्या अशा सपाट रेघेकडे मी आता आधी संशयानेच बघते.

मामाला मी सांगितलं की या जातीची बॅटरी विकायला कोणी आला तर त्याला जस्त किती जाड आहे, चाचणी किती तासांची होती आणि पूर्ण भरलेला सेल चाळीस अंशांत आठ दिवस ठेवून किती परत मिळालं, एवढं विचार. मामाने ते बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. तोवर त्याने पाळीच बदलली आहे. आठही माग सकाळी लवकर सुरू होतात आणि ऊन असेपर्यंत पॅनलवर चालतात, संध्याकाळी चारच माग लाइनवर. ग्लास मात्र त्याने ऑफिसातून हलवू दिला नाही. परवा फोनवर म्हणत होता, "सेल काढून आठ दिवस झाले, तरी पट्टीवर एखाद-दुसरा बुडबुडा अजून येतोय बघ."